पाय दुखतायत म्हणजे उंची वाढतेय का? (पालक ग्रुपवरची चर्चा)

सायली, बी विंग: कोणी जागं आहे का? आमचा अर्णव, वय ६, हल्ली मधूनच रात्री अकरा-साडेअकराला रडत उठतो, आई पाय दुखतायत म्हणतो, दोन्ही पोटऱ्या आणि गुडघ्याच्या मागे हात लावून दाखवतो. चोळून दिलं की थोड्या वेळात झोपतो आणि सकाळी काही झालंच नाही असा उड्या मारत फिरतो 😟 आज शाळेत स्पोर्ट्स डेची प्रॅक्टिस होती. एक्स-रे काढून घेऊ का?

मंदाकाकू, ए विंग: अगं हाडं वाढतायत त्याची, वाढीचं दुखणं म्हणतात ते. आमच्या संदीपला पण असंच व्हायचं, रोज रात्री खोबरेल कोमट करून चोळायचे मी

निखिल, सी विंग: काकू पण हाड वाढल्यामुळे खरंच दुखतं का? लहान मुलं झोपेतच वाढतात म्हणे, मग म्हणून रात्री दुखत असेल का? वैशालीताई सांगा ना

डॉ. वैशाली, ए विंग: जागी आहे. सायली, आधी काही गोष्टी सांग. दुखतं ते सांध्यात की मांसात? दोन्ही पायांत की एकाच? सूज, ताप, लंगडणं? आणि तू पाय दाबतेस तेव्हा त्याला बरं वाटतं की तो हात झटकतो?

सायली: दोन्ही पायांत, कधी मांडीत पुढच्या बाजूला पण. सूज नाही, ताप नाही, लंगडत तर अजिबात नाही. आणि दाबलेलं आवडतं, थांबले की अजून दाब म्हणतो

डॉ. वैशाली: मग हे अगदी नेहमीचं चित्र आहे. सांध्याला सूज असेल किंवा हाडात काही झालं असेल तर मूल तिथे हात लावू देत नाही, याला दाबून हवंय यातच बरंच कळतं. यासाठी लगेच एक्स-रे नको, तो नॉर्मलच येईल. एकदा दिवसा घेऊन ये, सांधे आणि पाय हाताने तपासते, उंची-वजन बघते, तेवढं पुरतं.

आता निखिलचा प्रश्न. काकू, नाव वाढीचं आहे पण वाढीमुळे दुखतं असं दिसत नाही. हे नाव १८२३ मध्ये एका फ्रेंच डॉक्टरने या दुखण्याला दिलं आणि तेव्हापासून तेच चालू आहे. हिशोब करून बघा. अर्णवच्या वयाचं मूल वर्षाला साधारण ६ सेंमी वाढतं, म्हणजे दिवसाला ०.१६ मिमी, तेही सगळ्या अंगाचं मिळून. जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात बाळ जवळपास २५ सेंमी वाढतं, वाढ दुखत असती तर सगळ्यात जास्त पाय तान्ह्या बाळांचे दुखले असते. पुढे वयात येताना मुलगे एका वर्षात ९-१० सेंमीपर्यंत वाढतात, आणि रात्रीचं हे दुखणं तोपर्यंत बहुतेकांचं थांबलेलं असतं. ते येतं साधारण ३ ते १२ वर्षांत, म्हणजे नेमकं वाढ संथ असताना.

निखिल: हे मस्त सांगितलंत. पण झोपेत वाढतात ते खरं ना?

डॉ. वैशाली: त्यात तथ्य आहे. अमेरिकेत कोकरांवर एक प्रयोग झाला होता, पायाच्या हाडात सेन्सर बसवून, त्यात जवळजवळ सगळी वाढ कोकरू आडवं पडलेलं असतानाच झाली, उभं राहिलं की हाडावर भार येतो आणि वाढ थांबते. पण वाढते ती कूर्चा, हाडाच्या टोकाजवळची मऊ पट्टी, आणि कूर्चेत दुखणं कळवणाऱ्या नसाच नसतात. आणि पायाची सगळ्यात जास्त वाढ होते गुडघ्याच्या लगेच वर आणि लगेच खाली, मुलं मात्र पोटरी नाहीतर मांडीचं मांस दाखवतात. जागाच जुळत नाही.

सायली: मग नेमकं होतं कशामुळे ताई?

डॉ. वैशाली: एकच एक कारण हाती लागलेलं नाही. त्यातल्या त्यात पटण्यासारखं म्हणजे दमणूक. धावपळ जास्त झाली त्या रात्री दुखतं, हे आया सतत सांगतात आणि तूही आज प्रॅक्टिस लिहिलंस. शिवाय या मुलांमध्ये दुखणं जाणवण्याची पातळी थोडी खाली असते असं तपासण्यांत दिसलंय, तेवढाच दाब दिला तरी यांना इतरांपेक्षा लवकर दुखतं. काहींचे सांधे फार लवचिक असतात, बोटं मागे वळतात, पाय सपाट पडतात, मग स्नायूंना जास्त काम पडतं. काहींचं डी व्हिटॅमिन कमी सापडतं, ते आपल्याकडे बिल्डिंगमधल्या मुलांत कॉमनच आहे, पण ते दिलं की प्रत्येकाचं दुखणं थांबतं असं नाही. आणि घरात आई-बाबांना लहानपणी झालेलं असतं बरेचदा

सायली: ह्यांना व्हायचं! सासूबाई कालच म्हणाल्या

मंदाकाकू: मग तेल चोळायचं का नाही?

डॉ. वैशाली: चोळा की काकू, त्याने खरंच बरं वाटतं, कोमट पाण्याची पिशवी पण चालेल. त्याशिवाय झोपायच्या आधी स्ट्रेचिंग. पाठीवर झोपवून पाय सरळ ठेवायचा आणि पाऊल हळूच नडगीकडे ढकलायचं म्हणजे पोटरी ताणली जाते. मग गुडघा सरळ ठेवून पाय वर उचलायचा, मांडीची मागची बाजू. मग पालथं करून टाच कुल्ल्याकडे, पुढची बाजू. दुखेपर्यंत ताणायचं नाही. हे रोज सकाळ-संध्याकाळ केलेल्या मुलांचं दुखणं नुसतं चोळण्यापेक्षा लवकर कमी झालं असा जुना अभ्यास आहे. फारच रडला तर पॅरासिटामॉल एक डोस, वजनाच्या किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत. तो २० किलोचा असेल तर ३०० मिलिग्रॅमच्या वर नाही, आणि बाटलीवर ५ मिलीत किती मिलिग्रॅम ते आधी वाच, १२५ आणि २५० अशा दोन्ही मिळतात. अ‍ॅस्पिरिन मुलांना अजिबात नको.

रोहिणी, डी विंग: ताई आमचा पार्थ १३ चा, त्याला गुडघ्याखाली पुढे टेंगूळ आलंय, फुटबॉल खेळला की ठणकतं, रात्री काही नसतं. हे पण वाढीचंच का?

डॉ. वैशाली: हे मात्र वाढीशी जोडलेलं आहे! त्या टेंगळाच्या जागी मांडीचा मोठा स्नायू नडगीच्या हाडाला येऊन जोडलेला असतो आणि तिथलं हाड अजून कच्चं असतं. हाड भराभर लांब होतं, स्नायू तेवढ्या वेगाने लांबत नाही, मग उडी आणि किक मारताना त्या कच्च्या जागेवर ओढ बसते. म्हणजे दुखते ती ओढ, लांबणं नाही. म्हणून दिवसा, खेळताना, एका ठरावीक बिंदूवर दुखतं. खेळ कमी करायचा, नंतर बर्फ लावायचा, मांडीचं स्ट्रेचिंग. वाढ संपली की दुखणं थांबतं, टेंगूळ थोडं राहतं. पण एकदा दाखवून खात्री करून घे.

अमेय, सी विंग: वैशालीताई, उशीर झालाय पण विचारतो. आमची ईरा ५ वर्षांची, तिचा फक्त उजवा गुडघा दुखतो, सकाळी उठल्यावर थोडी लंगडते मग दहा-वीस मिनिटांनी नीट चालते. आई म्हणते वाढीचंच आहे, आम्ही पण तेच धरून चाललो होतो

डॉ. वैशाली: अमेय, हे वेगळं आहे. एकच पाय, एकच सांधा आणि सकाळी लंगडणं, यातलं एकही वाढीच्या दुखण्यात बसत नाही. सकाळचा ताठरपणा सांध्याच्या सुजेत दिसतो, आणि लहान मुलांत खुब्याचा आजारसुद्धा गुडघ्यात दुखतो म्हणून खुबा पण बघावा लागतो. सूज दिसते का? ताप, वजन कमी होणं, चेहरा पांढरा पडणं, अंगावर निळे डाग?

अमेय: ताप वगैरे नाही. गुडघा थोडा जाड वाटतो खरा

डॉ. वैशाली: उद्या सकाळी नऊला घेऊन ये, खाऊन-पिऊन, उपाशी नको. दोन्ही गुडघे शेजारी शेजारी बघायचेत, रक्त तपासायचंय आणि खुब्याचा एक्स-रे काढू. सकाळी उठल्यावर ती पहिली पावलं टाकते त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून आण, माझ्याकडे येईपर्यंत ती नीट चालायला लागलेली असेल.

अमेय: हो ताई, येतो नऊला. व्हिडिओ काढतो 🙏