अनुभव धागा: भेट मिळालेलं सबस्क्रिप्शन आणि वर्षाने कापलेले पैसे

तापीकाठ
दिवाळी तोंडावर आली, पुन्हा कोणीतरी कोणाला ओटीटीचं वर्ष भेट देणार, म्हणून हा धागा काढतोय. भेट घेणाऱ्याच्या गळ्यात पुढे काय पडतं, ते लिहा.

माझा अनुभव. वडील चोपड्याला असतात, निवृत्त शिक्षक; आम्ही त्यांना दादा म्हणतो. २०२३ च्या भाऊबीजेला पुण्याच्या भाच्याने त्यांना एका ओटीटीचा वर्षभराचा कोड दिला. कोड टाकल्यावर अ‍ॅपने 'पडताळणीसाठी १ रुपया' मागितला. दादांनी यूपीआय पिन टाकला, रुपया परतही आला, सगळे खूश. पुढच्या नोव्हेंबरात खात्यातून १४९९ रुपये गेले. पेन्शनचं खातं, त्यामुळे घरात अर्धा दिवस फ्रॉड झाला म्हणून बोंबाबोंब. आदल्या दिवशीचा एसएमएस फोनमध्येच होता, पण इंग्रजीत. दादा म्हणाले, "मला वाटलं लोनवाल्यांचा आहे." कंपनीचं उत्तर: रिफंड नाही, आता वर्षभर बघा.

अमळनेरची मावशी
आमच्याकडे ह्यांना एकसष्टीला मासिकाची वर्गणी आली होती. वर्ष संपलं, अंक बंद झाले, विषय मिटला. पोस्टाच्या जमान्यात नूतनीकरणाचं पत्र यायचं, मनीऑर्डर केली तर अंक, नाही तर नाही. ते बरं होतं बाई.

भो_जळगाव
काय भो, एवढं काय त्यात? अ‍ॅप डिलीट मारायचं, विषय संपला. मी ट्रायल संपायच्या आधी असंच करतो.

धुळेकर_हिशेबी
भो, अ‍ॅप काढल्याने काही संपत नाही. तुमचे पैसे गेले नसतील तर ट्रायलच्या वेळी तुम्ही ऑटोपे दिलंच नसेल. मी बँकेत काम केलंय, म्हणून सांगतो.

दादांनी तो पिन टाकला तो एका रुपयासाठी नव्हता. त्या पडद्यावर बारीक अक्षरात मॅन्डेट, म्हणजे पुढे आपोआप पैसे कापायची परवानगी होती: दरवर्षी, कमाल अमुक रकमेपर्यंत, अमुक तारखेपर्यंत. ही मुदत कधी कधी पंचवीस-तीस वर्षं पुढची असते. पिन एकदाच लागतो. पुढे १५,००० रुपयांपर्यंतची कपात ओटीपी-पिनशिवाय होते, ही मर्यादा रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये ५,००० वरून वाढवली. त्याबदल्यात किमान २४ तास आधी सूचना देणं बंधनकारक आहे. दादांनी वाचला नाही तो तोच एसएमएस.

म्हणून दोन कुलपं लावायची. एक, ओटीटीच्या खात्यात 'कॅन्सल'. दुसरं, ज्या यूपीआय अ‍ॅपमधून पिन दिला त्यात प्रोफाइलमध्ये ऑटोपे उघडून मॅन्डेट रद्द करायचं, तिथे पुन्हा पिन लागतो. नुसतं पहिलं केलं तर मॅन्डेट यादीत पडून राहतं. नुसतं दुसरं केलं तर कपात अडते, पण कंपनी 'पेमेंट बाकी' म्हणून मागे लागते.

तापीकाठ
ऑटोपेच्या यादीत मी शोधलं हो, पण ओटीटीचं नावच नव्हतं!

धुळेकर_हिशेबी
तिथे कधी कधी मधल्या पेमेंट कंपनीचं नाव दिसतं. नावापेक्षा रक्कम आणि पुढची तारीख जुळवा. शिवाय दादांच्या फोनमध्ये दोन यूपीआय अ‍ॅप असतील तर दोन्ही बघा. कार्डावरून दिलं असेल तर बँकेच्या नेटबँकिंगमध्ये ई-मॅन्डेट शोधायचं.

तापीकाठ
सापडलं! दुसऱ्या अ‍ॅपात होतं, कुठल्याशा पेमेंट कंपनीच्या नावाने. मुदत २०५३. दादा तेव्हा एकशेचार वर्षांचे असतील.

दादरची_भाकर
माझं प्रकरण वेगळं आहे. बाळंतपणानंतर पुण्याच्या नणंदेने 'हेल्दी मील बॉक्स' महिनाभरासाठी भेट दिला, तेव्हा मी तिच्याकडेच होते. महिना संपल्यावरही बॉक्स येतच राहिला. 'स्किप' करायचं तर शनिवारी संध्याकाळपर्यंत, आणि बटण नणंदेच्या लॉगिनमध्ये. पैसेही तिच्या कार्डातून जात होते. आता भेट देणाऱ्या माणसाला 'पुरे करा' कसं म्हणणार? मी आठवडाभर ते किनवाचं गिळलं, मग रडून सांगितलं की मला कळण्याची भाकरी आणि ठेचा हवाय. ती म्हणाली, "अगं, मला वाटलं तूच सुरू ठेवलंयस!"

भो_जळगाव
मी आत्ता ऑटोपे उघडून पाहिलं. तीन निघाले. एक तर जिमचं शे, ती जिम कधीच बंद पडली.

धुळेकर_हिशेबी
लगेच रद्द करा. तापीकाठ, १४९९ साठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाका. डार्क पॅटर्न म्हणजे ग्राहकाला फसवून अडकवणारी पडद्यावरची मांडणी; तिच्याविरुद्धच्या नोव्हेंबर २०२३ च्या नियमावलीत 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' नावानिशी आहे. पैसे परत येतीलच असं म्हणत नाही, कारण पिन दादांनीच टाकलाय आणि कंपनी तेच पुढे करेल. कोड टाकतानाच्या पडद्याचा फोटो आहे का?

तापीकाठ
कुठला फोटो! भाच्याला विचारतो, त्याच्याकडे भेटीचा ईमेल असेल. पण त्याला कसं सांगू, तुझ्या भेटीपायी १४९९ गेले म्हणून?

अमळनेरची मावशी
मला एक सांगा, वर्तमानपत्र बंद करायचं असेल तर तेही ह्या ऑटोपेतच असतं का? आमचा पेपरवाला ऐकत नाही.