सोनोग्राफीनं तारीख पुढं गेली, हा धंदा नाही तर काय?

गंगाखेडकर: बहिणीची शेवटची पाळी 10 जूनची. आधी 17 मार्च तारीख दिली. 26 ऑगस्टला सोनोग्राफी केली, तर आता म्हणायलेत 29 मार्च. लेकरू पोटात मागं सरकतं का? निव्वळ पैसे उकळायलेत.

सिस्टर, परभणी: शिव्या नंतर द्या, आधी तिची पाळी किती दिवसांनी येते ते विचारा. पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवले की 17 मार्च येते. त्यात गृहीत असतं की पाळी अठ्ठावीस दिवसांची आणि अंडं चौदाव्या दिवशी फुटलं. चाळीस दिवसांनी पाळी येणारीचं अंडं सव्विसाव्या दिवसाच्या आसपास फुटतं. तुमचे बारा दिवस तिथं गेले. 26 ऑगस्टला पाळीच्या हिशेबानं 11 आठवडे भरले होते. रिपोर्टात डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी बघा, अडीच सेंटिमीटरच्या आसपास असेल. ते माप नऊ आठवडे दोन दिवसांचं. एवढ्या लवकर सगळी लेकरं जवळपास सारखीच वाढतात, म्हणून त्या मापाला मान. तरी या दिवसांत फरक सातपेक्षा जास्त असेल तरच तारीख बदलतात.

अंबडचे काका: नऊ महिने नऊ दिवस! आमच्या आईची सहा बाळंतपणं सुईणीनं केली, मशीन नव्हतं.

सिस्टर, परभणी: काका, तुमच्यात नि आमच्यात दोनच दिवसांचा फरक आहे, भांडायचं कशाला? आणि तारखेच्याच दिवशी बाळंत होणाऱ्या तशाही थोड्याच.

लातूरची सून: मग माझी का नाही बदलली? नवव्या महिन्यात मशीन तीन आठवडे मागं दाखवत होतं. डॉक्टर म्हणाले तारीख तीच, आणि सिझर केलं. सिझरशिवाय सोडतात का कुणाला?

सिस्टर, परभणी: सिझरवर वेगळं भांडू. पहिली सोनोग्राफी जुळली असेल तर तारीख तिथंच पक्की. नंतर माप मागं पडलं तर लेकराची वाढ खुंटली का, ते बघायचं असतं. तारीख ढकलली तर तेच झाकलं जातं.

केजचा मुकादम: तुमची पहिली सोनोग्राफी कौतुकाची. आमच्या बाया दिवाळीला कारखान्यावर जातात. पाळीची तारीख विचारली तर म्हणतात पोळ्याच्या आसपास. सातव्या महिन्यात मशीनखाली नेल्या तर त्यांची कोणती तारीख खरी?

अंबडचे काका: उचल घेताना तारीख बरोबर ध्यानात राहते!

केजचा मुकादम: काका, तोंड सांभाळा. कोयता धरून बघा एक दिवस.

सिस्टर, परभणी: काका, गप बसा. मुकादम, तेव्हा मशीनही दोनतीन आठवड्यांनी चुकू शकतं. दोन-तीन आठवड्यांनी परत मोजून वाढ बघायची, दुसरा इलाज नाही.

केजचा मुकादम: परत मोजायला कारखान्यावरून आणणार कोण? मजुरी कोण भरणार?

गंगाखेडकर: बहिणीला विचारलं. पाळी दीड महिन्यानं येते म्हणे. बरं, मशीन हरिश्चंद्र. पण कार्डावर दोन्ही तारखा तशाच आहेत, त्याचं काय?

सिस्टर, परभणी: जुनी खोडायला लावा. नाहीतर 24 मार्चला ड्युटीवरचं कुणी 41 आठवडे झाले म्हणून कळा यायचं औषध चालू करेल. खरे भरलेले असतील 39 आठवडे दोन दिवस.