नवरात्रातला धान्यफराळ

“एकादशीला चालतं ते नवरात्रात चालतंच, मग फरक कसला?”

फरक उलट्या बाजूने आहे. आपल्या बऱ्याच मराठी घरांत नवरात्रात धान्यफराळ चालतो, म्हणजे धान्य आधी भाजून मग खायचं. एकादशीला मात्र भाजलेला तांदूळही वर्ज्यच. इथे इंदूरला जिला मोरधन म्हणतात ती भगर बहुतेकांना दोन्हीकडे चालते, काही वैष्णव घरं एकादशीला तीही टाळतात.

धान्यफराळासाठी ज्वारी अख्खी, मंद आचेवर खमंग भाजून, गार करूनच दळायला द्या. विकतचं तयार पीठ न भाजलेल्या धान्याचं असतं. भाजल्यामुळे पिठाचा चिकटपणा कमी होतो आणि भाकरी कडेला चिरते, म्हणून उकळत्या पाण्यात भिजवून, झाकून, कोमट असतानाच मळा.