मदत हवी आहे: फोटोत फीमर की ह्युमरस?

नमस्कार मंडळी. मी यवतमाळकडच्या खेड्यातून नर्सिंगचा अभ्यास करते. फोटोत सुटी हाडं असली की टिबिया लगेच कळते: वरचं टोक सपाट, दांडा तिकोनी, पुढची कडा धारदार. अडतं ते फीमर आणि ह्युमरसपाशी, कारण दोन्हींचं डोकं गोल आणि शेजारी मोजपट्टी नसते.

एका फोटोत डोकं तुटलेलं आहे, फक्त खालचं टोक मागून दिसतं. दोन गोलाकार उंचवट्यांमधली खाच खालून उघडी आहे, म्हणून मी फीमर म्हटलं. ह्युमरसचा मागचा खळगा कप्पीसारख्या भागाच्या वर असतो ना? पण फोटो समोरून असेल तर खात्रीची खूण कोणती धरावी? कोणी सांगाल का जी?