मदत हवी आहे: वाटपाच्या दाव्यात आईचा हिस्सा १/२० धरलाय, कमिशनरचा अहवालही आलाय. आता काही करता येईल का?

तासगावकर:
नमस्कार मंडळी. आईच्या वतीने लिहितोय, जरा सविस्तर सांगतो.

आजोबा १९९८ मध्ये वारले. मागे आजी, दोन मामा, आई आणि मावशी. वडिलोपार्जित जमीन एकाच गटात चार एकर, त्यातल्या दीड एकरावर थोरल्या मामांची द्राक्षबाग. शिवाय गावठाणात जुनं घर, २८ फूट बाय ५५ फूट. आईने २०१४ मध्ये वाटपाचा दावा लावला. २०१९ मध्ये प्रिलिमिनरी डिक्री झाली. त्यात आजी आणि दोन्ही मामांना ६/२० प्रत्येकी, आईला आणि मावशीला १/२० प्रत्येकी. तेव्हाच्या वकिलांनी "मिळालं ते पदरात पाडून घ्या" म्हणून अपील केलं नाही. २०२२ मध्ये आजी गेली.

आता फायनल डिक्रीच्या कामात घरासाठी कोर्ट कमिशनर नेमले होते. ते आले त्या दिवशी आई मावशीकडे होती, आम्हाला नोटीसच नव्हती. अहवाल आल्यावर कळलं की आईला मागच्या गोठ्याचा कोपरा दाखवलाय, ७ फूट बाय ११ फूट. तिथे जायला मामांच्या स्वयंपाकघरातून जावं लागतं! जमिनीचे कागद तहसीलला गेलेत, मोजणी व्हायचीय. नकाशा बघून आई काही बोलली नाही, नुसती त्या चौकटीवर बोट ठेवून बसली. म्हणून विचारतोय, हिस्सा वाढू शकतो का? की २०१९ लाच सगळं संपलं?

बांधावरून:
मुलींना हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला, पण त्या तारखेला वडील हयात असायला हवेत. तुमचे आजोबा १९९८ ला गेले, त्यामुळे १/२० बरोबरच आहे. आणि डिक्रीवर अपील केलं नाही म्हणजे ती मान्य केल्यासारखंच. आमच्या वाळव्याच्या दाव्यात वकिलांनी हेच सांगितलं होतं.

विट्याची लेक:
दादा, कोर्टाबिर्टात कशाला पडता? तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली अर्ज करा, सगळ्यांच्या सह्या घ्या, सहा महिन्यांत सातबारा वेगळा. आम्ही असंच केलं. घराचं मात्र आमचंही कोर्टातच गेलं. दोन खोल्यांचे पाच हिस्से होणार कसे? शेवटी धाकट्या भावाने बाकीच्यांचे हिस्से किंमत लावून घेतले. माझी रक्कम अजून पूर्ण आलेली नाही, तो वेगळाच ताप.

तासगावकर:
ताई, थोरले मामा सही देणार असते तर दावाच लावावा लागला नसता.

कृष्णाकाठ:
सांगलीच्या दिवाणी कोर्टात बरीच वर्षं वाटपाचीच कामं चालवतो, म्हणून लिहितो.

बांधावरून, तुम्ही म्हणता तो अर्थ २०१५ पासून काही काळ चालत होता, म्हणून २०१९ ची डिक्री तशी झाली असावी. पण ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा प्रकरणात तो पुसला. मुलगी जन्मानेच सहदायाद आहे, ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याची गरज नाही. आणि तासगावकरांच्या कामाचं म्हणजे, प्रिलिमिनरी डिक्री झाली असली तरी फायनल डिक्रीचं काम चालू असेल तर मुलीला मुलाइतका हिस्सा द्यायचा, हेही त्याच निकालात आहे. अपील न केल्याने २०१९ च्या निष्कर्षांवर नंतर वाद घालता येत नाही हे खरं, पण त्यानंतर बदललेला कायदा आणि झालेला मृत्यू या नव्या गोष्टी आहेत. प्रिलिमिनरी डिक्री एकदाच होते असं नाही, ती दुरुस्त होते, दुसरीही होऊ शकते.

आता हिशोब बघा. आजोबांच्या मृत्यूच्या क्षणी वाटप झालं असं मानायचं. जुन्या पद्धतीत त्या वाटपात आजोबा, आजी आणि दोन मुलगे असे चौघेच, म्हणून १/४ प्रत्येकी. मग आजोबांचा १/४ पाच वारसांत, म्हणजे १/२०. लेकींना तेवढाच आला. ही रीत आपल्या सांगलीच्याच कोर्टातल्या १९६३ च्या हिराबाई मगदूम यांच्या दाव्यातून १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टात पक्की झाली. रीत आजही तीच, फक्त मानलेल्या वाटपात आता लेकीही बसतात. सहा जण, १/६ प्रत्येकी. आजोबांचा १/६ पाच जणांत म्हणजे १/३०. बेरीज १/५. आजीचा १/५ चार लेकरांत वाटला की प्रत्येकी १/४ होतो. चार एकरांत १/२० म्हणजे ८ गुंठे, १/४ म्हणजे ४० गुंठे.

तासगावकर:
८ चे ४०! पण मामा म्हणतात आजीने मृत्युपत्र करून तिचं सगळं त्यांना दिलंय.

कृष्णाकाठ:
मग ते त्यांनी शाबीत करायचं. शाबीत झालं तरी फक्त आजीचा १/५ जाईल, तुमच्या आईचा १/५ म्हणजे ३२ गुंठे हलत नाहीत.

क्रम मात्र चुकवू नका. आधी त्याच दाव्यात हिस्से दुरुस्त करण्याचा अर्ज द्या आणि आजीच्या जागी वारस रेकॉर्डवर आहेत का ते बघा. तहसीलदारांपुढे हिस्सा वाढवून मागण्यात अर्थ नाही. आकारणी भरणाऱ्या शेतजमिनीचं वाटप दिवाणी संहितेच्या कलम ५४ प्रमाणे कलेक्टरमार्फत होतं, कमिशनरकडून नाही. पण ते डिक्रीतल्या आकड्यांप्रमाणेच. कोणता तुकडा कुणाला, रस्ता, विहीर, सरस-निरस, एवढंच ते ठरवतात. मामांनी बाग स्वतः लावली असेल तर तो भाग जमेल तितका त्यांच्याकडे ठेवा असं ते म्हणू शकतात, पण त्याने हिस्सा कमी होत नाही. हिस्से दुरुस्त होईपर्यंत मोजणी आणि ताबा थांबवण्याचा हुकूम कोर्टाकडून घ्या. ताबा दिला गेला की तुमचं काम फार अवघड होईल.

बांधावरून:
विनीता शर्माचं माझ्या वाचनातून सुटलं होतं. पण डिक्री कलेक्टरकडे गेली की कोर्टाचं काम संपलं, आता काही चालू नाही, असं समोरचे म्हणणार नाहीत का?

कृष्णाकाठ:
म्हणतील, आणि जमिनीपुरता तो खरा वाद आहे. माझ्या मते प्रत्यक्ष वाटप होऊन ताबा जात नाही तोवर अर्ज चालावा. न्यायाधीश काय धरतील हे आज लिहून देणार नाही. घराचं काम कोर्टातच चालू आहे, तिथे ही अडचण नाही.

तासगावकर:
आणि कमिशनरचा अहवाल?

कृष्णाकाठ:
त्यावर स्वतंत्र लेखी हरकत द्या, मुदतीत. २८ गुणिले ५५ म्हणजे १५४० चौरस फूट, त्याचा विसावा भाग ७७. तुमचा कोपरा नेमका ७७ भरतो. म्हणजे त्यांनी फक्त क्षेत्रफळ कापलंय. दर्शनी भाग आणि मागचा गोठा एकाच दराने धरता येत नाहीत. मूल्यांकन आहे का, वाटेचा हक्क दाखवलाय का, आईला नोटीस पोचल्याची सही आहे का, पंचनाम्यावर कुणाच्या सह्या आहेत, हे अहवालात शोधा. हिस्से समान करायला कमिशनर एकाने दुसऱ्याला रक्कम द्यावी असंही सुचवू शकतो. कोर्ट अहवाल कायम करू शकतं, बदलू शकतं किंवा रद्द करून नवा कमिशनर नेमू शकतं. हरकत आलीच नाही तर बहुतेक वेळा आहे तसा कायम होतो.

विट्याची लेक:
आमच्याकडे नोटीस आलेली, तरी मी गेले नाही. भावाने दाखवलं तेवढंच मोजलं, माडी राहूनच गेली. पुन्हा आले तर आईंना घेऊन स्वतः उभे राहा. आणि १/४ म्हणजे ३८५ फूट, पण चौघांना वेगळा दरवाजा निघेल का त्या घरात?

कृष्णाकाठ:
ताई, खरा प्रश्न तोच आहे. २८ फुटांच्या दर्शनीत चार दरवाजे निघाले तरी मागे अरुंद पट्ट्या उरतात. विभागणी सोयीची नसेल तर निम्म्या किंवा जास्त हिश्श्याचे मालक १८९३ च्या वाटप कायद्याखाली विक्री मागू शकतात, मग बाकीच्यांना ते हिस्से कोर्टाने ठरवलेल्या किमतीला घेण्याचा हक्क येतो. आई आणि मावशी मिळून निम्म्या होतात. मृत्युपत्र शाबीत झालं तर मात्र दोघींचे मिळून २/५, मग हा रस्ता त्यांच्याकडून बंद. मावशी कुठल्या बाजूला आहे?

तासगावकर:
मावशी दाव्यात प्रतिवादी आहे, आजवर एकदाही कोर्टात आलेली नाही. पण हिस्सा तिचाही वाढतोय हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. रविवारी आईला घेऊन तिच्याकडे जातो. अहवालावर म्हणणं द्यायला पुढच्या महिन्यातली तारीख आहे. अर्ज दिल्यावर काय झालं ते इथेच लिहीन.