आलटून पालटून येतात म्हणून लिमिटला जातात, हे कारण पटतं का?

शंकेखोर: √२ च्या कंटिन्यूड फ्रॅक्शनचे कन्व्हर्जंट काढले: १, ३/२, ७/५, १७/१२, ४१/२९. एक √२ च्या खाली, पुढचा वर, परत खाली. सर म्हणाले आलटून पालटून येतात म्हणूनच कन्व्हर्ज होतात. मला काही पटेना, तुमचं काय मत?

सरळमार्गी: सर बरोबरच आहेत की. खालचे १, ७/५, ४१/२९ चढत जातात, वरचे ३/२, १७/१२ उतरत जातात, √२ मध्ये चिमटीत सापडतो, मग दोन्ही बाजू भेटणारच ना, जाणार कुठे?

जुना खोडरबर: चिमटीत सापडतो हे मान्य, पण चिमटा मिटतो कशावरून? शेजारचे दोन घे, ७/५ आणि १७/१२, तिरका गुणाकार कर. ८४ आणि ८५, फरक १. कुठलेही शेजारचे घे, फरक १ च येतो. म्हणून दोघांतलं अंतर १/(५×१२) म्हणजे १/६०, पुढचं १/(१२×२९) म्हणजे १/३४८. छेद वाढतात म्हणून चिमटा मिटतो, खरं काम ते करतात.
आता √२ च्या फ्रॅक्शनमधल्या १, २, २, २ च्या जागी १, १/२, १/४, १/८ असे आकडे टाकून बघ. कन्व्हर्जंट येतात १, ३, १.२२, २.६१, १.२७, २.५४... मस्त आलटून पालटून, खालचे चढतात, वरचे उतरतात, सगळं तुझ्यासारखंच. पण खालचे १.२८५ च्या आसपास थांबतात, वरचे २.५१५ च्या. छेद १.१८ आणि ०.६९ जवळ अडकून बसतात ना, मग अंतर कमी होणार कसं.

सरळमार्गी: ही चीटिंग आहे, आत पूर्णांकच घ्यायचे असतात.

जुना खोडरबर: मग कारण पूर्णांक झालं ना, झुलणं नाही! धन पूर्णांक असले की छेद वाढतच जातात.

एक्सेलवाला: माझ्याकडे वेगळाच घोळ, मी शीटमध्ये √२ टाकून पूर्णांक काढ, उरलेल्याचा उलटा घे असं करत गेलो तर वीसेक वेळा २ आला आणि मग भलतेच आकडे. म्हणजे पुढे झुलणं बंद होतं का??

जुना खोडरबर: नाही रे, राउंडिंगची चूक दर स्टेपला साधारण सहापट होत जाते, वीसेक स्टेपमध्ये ती सगळं गिळते. त्या भलत्या आकड्यांचेही कन्व्हर्जंट झुलतीलच, फक्त √२ भोवती नाही, दुसऱ्याच कुठल्यातरी संख्येभोवती.

शंकेखोर: पण १.४, १.४१, १.४१४ तर न झुलताच पोचतात, मग झुलण्याचा फायदा काय?

सरळमार्गी: फायदा हाच की ४१/२९ आणि १७/१२ हातात आले की √२ त्यांच्या मध्येच आहे हे लगेच कळतं. सर त्यालाच कारण म्हणत असतील.

जुना खोडरबर: चूक किती हे कळणं वेगळं, चूक शून्याकडे जाणं वेगळं. सरांना ते १, १/२, १/४ वालं दाखव आणि काय म्हणतात ते इथे टाक.