‘ओठांचा चंबू’ला उलट शब्द काय? आणि जपानी ‘उ’ लिहायचा कसा?

लातूर
मी जपानी शिकायलेय. ‘उता’ म्हणजे गाणं. मी हा शब्द म्हटला की आमच्या बाई हटकून सांगतात, “ओठांचा चंबू करू नकोस.” पुस्तकात या स्वराला ɯ हे चिन्ह आहे आणि ध्वनिलिपीच्या तक्त्यात ɯ म्हणजे ओठ गोल न करता म्हटलेला ‘ऊ’. दुसऱ्या एका कोशात मात्र साधा u दिलाय, म्हणजे गोल. मग ओठांचं करायचं काय? आणि चंबू न करता ओठ जवळ आणणं, याला आपल्याकडं कोणता शब्द आहे?

नांदेड
ताई, एवढं अवघड नाही. ‘ई’ म्हणताना ओठ पसरतात तसेच ठेवा आणि जीभ मागं न्या. मी कोरियन शिकताना असाच स्वर घोटून घेतला होता, त्यालाही ɯ हेच चिन्ह होतं. u लिहिणारे सवयीनं लिहितात.

बीड
आमच्या आजोबांच्या तोंडी कायम ‘डाक्टर’, ‘कालेज’. शाळेत आम्हाला ‘डॉक्टर’ म्हणायला लावायचे, तेव्हा ओठ गोल करून करून दुखायचे. हाच प्रश्न ना?

छत्रपती संभाजीनगर
बीडकर, तुमच्या आजोबांच्या ‘डाक्टर’मध्ये गोलाई मुळात नाहीच. लातूरच्या ताईंचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे: गोलाई असेल तर ती कोणत्या प्रकारची?

नांदेडच्या दादांचं कोरियनबद्दल बरोबर आहे. तिथं एक गोल ‘उ’ आणि एक पसरट स्वर असे दोन वेगळे स्वर आहेत, आणि पसरट स्वराला ɯ शोभतं. जपानीत या जागी एकच स्वर आहे आणि त्यात ओठ पसरत नाहीत.

आरशासमोर मराठी ‘ऊ’ लांबवून म्हणा. ओठ पुढं येतात, कोपरे एकमेकांकडं सरकतात आणि ओठांची आतली ओली बाजू दिसते. गरम चहावर फुंकर घालताना तोंड होतं, साधारण तसंच. हा चंबू. आता ‘म’ म्हणायला ओठ मिटा आणि पुढं न ढकलता जरासे विलगा. वरच्या-खालच्या ओठांत आडवी फट राहते, ओली बाजू आतच राहते. ही फट तशीच ठेवून ‘उ’ म्हणा. बाईंना हवा तो स्वर याच्या जवळ असतो. मोबाईलवर बाजूनं चित्रण करून पाहा. समोरून दोन्ही तोंडं बारीकच दिसतात, बाजूनं मात्र चंबू नाकाच्या दिशेनं पुढं आलेला लगेच कळतो.

म्हणून ɯ आणि u ही दोन्ही चिन्हं अर्धवट पडतात. ɯ लिहिलं की वाचणारा ओठ पसरतो, u लिहिलं की चंबू करतो. बारकाईनं लिहिणारे ɯᵝ लिहितात. ‘β’ हे दोन ओठांच्या फटीतून निघणाऱ्या घर्षक व्यंजनाचं चिन्ह. ते लहान करून वर बसवलं की ओठ आवळलेत एवढं कळतं. चंबूसाठी तशीच ʷ ही खूण वापरतात.

नांदेड
मग तक्त्यातच दोन चिन्हं का दिली नाहीत?

छत्रपती संभाजीनगर
कारण बहुतेक भाषांत एवढ्या फरकानं शब्दाचा अर्थ बदलत नाही. सहसा मागचे स्वर चंबूचे असतात आणि पुढचे आवळलेले, त्यामुळं वेगळं सांगायची वेळ येत नाही. स्वीडिश मात्र अडवते. ny म्हणजे नवा आणि nu म्हणजे आत्ता. दोन्हींत जीभ पुढं आणि दोन्ही गोल, पण पहिल्यात चंबू आणि दुसऱ्यात ओठ आवळलेले. नेहमीच्या लेखनात पहिला yː, दुसरा ʉː. ही चिन्हं पाहून वाचणाऱ्याला वाटतं की फरक निव्वळ जिभेचा आहे आणि ओठांची गोष्ट नजरेआड होते.

परभणी
मी भाषाविज्ञान शिकवते. ʷ बद्दल एक सावधगिरी. व्यंजनावर तीच खूण ‘व’ची झाक दाखवते, kʷ म्हणजे ‘क्व’सारखं. स्वरावर ती दिसली की माझे विद्यार्थी शेवटी ‘व’ जोडतात. आणि ᵝ तर अधिकृत तक्त्यातही नाही, त्यामुळं वहीच्या पहिल्या पानावर तिचा अर्थ लिहून ठेवावा. शिवाय सगळे जपानी लोक सारखे ओठ आवळत नाहीत. काहींच्या बोलण्यात गोलाई जवळजवळ नसते. ɯ लिहिणाऱ्याला चूक म्हणणं मला पटत नाही.

छत्रपती संभाजीनगर
मान्य. तरी शिकणाऱ्यासाठी मी ᵝ ठेवीन, नाहीतर नांदेडच्या दादांसारखं सगळे ‘ई’चे ओठ करतील.

लातूर
बाजूनं चित्रण केलं. माझा ‘उ’ सपशेल चंबू निघाला! ‘म’वरून सुरू केलं तर तीनदा जमलं, चौथ्यांदा ओठ परत पुढं. देवनागरीत मी ‘उता’च लिहिणार, शेजारी ɯᵝ. शब्दाचं मात्र राहिलंच की.

परभणी
‘आवळ गोलाई’ कशी वाटते?

बीड
आवळा आठवतो. आमची आई रागावली की ‘ओठ मुडपून’ बसायची.

परभणी
मुडपताना ओठ आत वळतात. इथं ते नुसते जवळ येतात. ‘मुडप’ नको.